पहिल्या कॉलआधीचा एक तास: चाकणच्या डाय-कास्टिंग कंपनीचा अभ्यास कसा करायचा

प्रश्न: मशिन मॉनिटरिंग सिस्टिम विकणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नुकताच सेल्सला लागलोय. उद्या चाकणच्या एका अॅल्युमिनियम प्रेशर डाय-कास्टिंग कंपनीच्या प्लांट हेडशी पहिला कॉल आहे. कंपनी लिस्टेड नाही, वेबसाइट सोडून गुगलवर काही सापडत नाही. हातात एकच तास आहे. त्यांची इंडस्ट्री आणि स्पर्धक समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?

उत्तर:

या तासात एकाच गोष्टीचा अंदाज बांधायचा ठरवा: या कंपनीची मशिनं भरलेली आहेत की मोकळी? बाकी जे काही वाचाल ते या प्रश्नासाठी वाचा.

कारण सरळ आहे. तुमची सिस्टिम ग्राहकाला मशिनचे वाया जाणारे तास परत मिळवून देते. पण त्या तासाला किंमत केव्हा? ऑर्डर रांगेत उभी असेल तेव्हा. प्लांट साठ टक्क्यांवर चालत असेल, तर तुम्ही वाचवलेल्या तासात ते मशिन नुसतं उभं राहणार. तिथे 'डाउनटाइम कमी करून देतो' म्हणालात तर प्लांट हेड मान डोलावेल आणि पुढचा फोन उचलणार नाही. मशिनं फुल असतील तर तेच वाक्य त्याच्या रोजच्या दुखण्यावर बोट ठेवतं. इंडस्ट्री, गिऱ्हाइकं, स्पर्धक या सगळ्यांचा अभ्यास शेवटी इथेच येऊन मिळतो.

पहिली दहा मिनिटं फक्त नाव पक्कं करण्यात घालवा. चाकण-भोसरी पट्ट्यात एकाच घराण्याच्या तीन-तीन कंपन्या असतात: एक कास्टिंग करते, दुसरी मशीनिंग, तिसरीच्या नावावर जागा आणि शेड. वेबसाइटवर सगळ्यांचा मिळून एकच ब्रँड दिसतो. त्यामुळे वेबसाइटच्या तळाशी, नाहीतर त्यांच्या एखाद्या सर्टिफिकेटवर कायदेशीर नाव काय छापलंय ते बघा. GSTIN मिळाला तर जीएसटी पोर्टलवर तो टाकून कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि मुख्य पत्ता पडताळा. मग केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या MCA पोर्टलवर लॉगिन करून त्याच नावाचा मास्टर डेटा उघडा. ते पोर्टल कधीकधी फार वेळ घेतं, म्हणून ते एका टॅबमध्ये सुरू ठेवून दुसरीकडे कामाला लागा. भागीदारी फर्म किंवा प्रोप्रायटरी असेल तर कंपनी म्हणून तिची नोंद MCA वर नसतेच, त्याबद्दल शेवटी सांगते.

आता मुख्य कागद. लिस्टेड नसलेल्या कंपनीबद्दल फुकटात मिळणारी सगळ्यात कसदार माहिती म्हणजे क्रेडिट रेटिंग एजन्सीचं रॅशनल. बँकेकडून बऱ्यापैकी मोठी लिमिट घेतलेल्या अनेक खासगी कंपन्या आपल्या कर्जाचं रेटिंग करून घेतात. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज, अॅक्युइटे या एजन्सी त्यामागची कारणमीमांसा आपापल्या वेबसाइटवर सर्वांसाठी खुली ठेवतात. सेल्समधल्या बहुतेकांना याचा पत्ताच नसतो. ते लिंक्डइनवर डायरेक्टरचा फोटो बघत बसतात. शोध असा घ्या:

```
"कंपनीचे पूर्ण इंग्रजी नाव" rating rationale
"कंपनीचे पूर्ण इंग्रजी नाव" CRISIL OR ICRA OR CARE OR Acuite
```

दोन-चार पानांचा मजकूर असतो. वरची रेटिंगची अक्षरं सोडून द्या आणि थेट `Key Rating Drivers` या भागावर जा. त्यातही आधी कमकुवत बाजू वाचा. 'तीव्र स्पर्धा', 'वाहन उद्योगाची चक्राकार मागणी' अशी वाक्यं जवळजवळ प्रत्येक ऑटो-कंपोनंट कंपनीच्या रॅशनलमध्ये असतात, त्यातून काही हाती लागत नाही. नजर आकड्यांच्या वाक्यांवर ठेवा: पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांकडून किती टक्के धंदा येतो, क्षमता किती वापरली जातेय, माल आणि उधारी मिळून पैसा किती दिवस अडकतो, पुढच्या वर्षात कशावर किती खर्च करणार आहेत. शेवटच्या तक्त्यात कर्जाचे प्रकार असतात. त्यात नवीन टर्म लोन दिसलं तर बहुतेक वेळा मशिन, शेड किंवा जमीन घेतलेली असते.

दोन गोष्टी आधी तपासा. रॅशनलची तारीख, कारण दोन वर्षांपूर्वीची क्षमता आज काहीच सांगत नाही. आणि नावापुढे `ISSUER NOT COOPERATING` असं लिहिलंय का. तसं असेल तर कंपनीने एजन्सीला माहिती दिलेली नाही आणि रेटिंग बाहेर मिळालेल्या माहितीवर केलेलं आहे. कंपनी अडचणीत आहे असा अर्थ त्यातून लगेच काढू नका. एजन्सी बदलली किंवा बँकच बदलली तरी असं होतं. फक्त त्यातल्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी करून बघू. आकडे काल्पनिक आहेत, पण या धंद्याच्या रचनेला धरून आहेत. समजा रॅशनलमध्ये दिसलं की उलाढाल 120 कोटींवरून 131 कोटींवर गेली आणि ऑपरेटिंग मार्जिन 8 टक्क्यांवरून 7.3 वर आलं. नवखा माणूस यावरून दोन निष्कर्ष काढतो: धंदा 9 टक्क्यांनी वाढलाय आणि शॉप फ्लोअरवर कार्यक्षमता घसरलीय. मग कॉलवर तो म्हणतो, "सर, तुमचं मार्जिन खाली आलंय, आम्ही मदत करू शकतो." हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात.

डाय-कास्टिंगमध्ये धातूची किंमत गिऱ्हाइकाच्या दरात जशीच्या तशी धरलेली असते. अॅल्युमिनियम वाढलं की ठरलेल्या सूत्राने, बहुधा महिन्याने किंवा तिमाहीने, पार्टचा दर वाढवून मिळतो. कंपनीची खरी कमाई असते धातूवर प्रक्रिया करण्याची, म्हणजे कन्व्हर्जनची. समजा 120 कोटींतले 72 कोटी धातूचे होते आणि उरलेले 48 कोटी कन्व्हर्जनचे. धातू 15 टक्क्यांनी महागला की 72 चे जवळपास 83 कोटी होतात आणि उलाढाल आपोआप 131 कोटींच्या घरात जाते. ऑपरेटिंग नफा पूर्वीइतकाच, म्हणजे 9.6 कोटी. तो आता 131 कोटींवर मोजला की 7.3 टक्के भरतो. एकही पार्ट जास्त बनला नाही, एकही मशिन जास्त बंद पडलं नाही, तरी 'वाढ' दिसली आणि 'घसरण'ही दिसली.

म्हणून उलाढालीच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या वर्षात अॅल्युमिनियमचे भाव कुठे होते ते मांडून बघा. भाव चढते असतील तर वाढीतला मोठा हिस्सा धातूचा असू शकतो. शिवाय दरवाढ मिळायला जो उशीर होतो, त्या काळात वाढीव खर्च पुरवठादाराच्या खिशातून जातो. अशा तिमाहीत तो नवीन खरेदीला हात आखडता घेतो. प्लांट हेडला तुमचं म्हणणं पटूनही पर्चेस आणि फायनान्स 'पुढच्या क्वार्टरला बघू' का म्हणतात, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

याच 48 कोटींवरून स्वतःपुरता एक ढोबळ हिशेब करा. वेबसाइटवर बहुतेक डाय-कास्टर मशिनांची यादी टनेजसकट टाकतात, म्हणजे कोणतं मशिन किती टनांच्या जोराने डाय बंद धरतं त्या आकड्यासकट. समजा 20 मशिनं आहेत. तीन शिफ्ट, 300 दिवस धरले तर वर्षाला 1,44,000 मशिन-तास होतात. 48 कोटी भागिले तेवढे तास म्हणजे तासाला साधारण 3,300 रुपये. यात मशीनिंगचीही कमाई मिसळलेली आहे, त्यामुळे नुसत्या कास्टिंगचा आकडा याहून कमी असणार. उलट मशिनं पूर्ण वेळ चालत नसतील तर चालू तासामागची कमाई वाढेल. हा आकडा कॉलवर कधीही बोलू नका. तुमच्या सिस्टिमची किंमत त्यांना भारी वाटेल की किरकोळ, याचा अंदाज यावा एवढ्यासाठीच तो आहे.

तोवर MCA चा टॅब उघडला असेल. तिथे चार्जेसची यादी बघा. कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला, किती रकमेचा बोजा चढवलाय ते त्यात असतं. गेल्या वर्षभरात नवीन बँकेचा किंवा एनबीएफसीचा चार्ज दिसला तर विस्ताराची शक्यता आहे. मात्र चार्जची रक्कम म्हणजे आज थकीत असलेलं कर्ज नव्हे, आणि जुन्याच चार्जमध्ये बदल दिसला तर तो फक्त लिमिट वाढवल्याचा किंवा नव्याने मंजूर केल्याचा असू शकतो. म्हणून त्याला दुसरा पुरावा जोडा. नोकरीच्या साइटवर कंपनीच्या जाहिराती बघा. एकाच महिन्यात पीडीसी म्हणजे प्रेशर डाय-कास्टिंगचा शिफ्ट इन्चार्ज, मेंटेनन्स, व्हीएमसी या मशीनिंगच्या मशिनचा ऑपरेटर अशी वेगवेगळी पदं, तीही नव्या पत्त्यासाठी निघाली असतील तर प्लांट वाढतोय. एकच क्वालिटी इंजिनियरची जागा वर्षात वारंवार निघत असेल तर माणसं टिकत नाहीत. दोन्ही चित्रं तुम्हाला उपयोगी आहेत, पण कॉलवरची बोलणी पूर्ण वेगळी होतील.

एवढ्यात अर्धा तास गेला असेल. आता स्पर्धक.

इथे लोक गुगलवर 'डाय-कास्टिंग कंपनीज इन पुणे' टाकून यादी काढतात. तिचा काही उपयोग होत नाही. डाय-कास्टरचा स्पर्धक शेजारच्या गाळ्यावरून ठरत नाही. प्रक्रिया, टनेज आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टींवरून ठरतो. 250 टनाच्या मशिनवर छोटी ब्रॅकेटं काढणारा आणि हजार टनाच्या वर मोठी हाउसिंग काढणारा हे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. शिक्रापूरची अॅलिकॉन कॅस्टअॅलॉय पुण्याचीच आणि अॅल्युमिनियमचीच, पण तिची मुख्य ओळख ग्रॅव्हिटी आणि लो-प्रेशर कास्टिंगची आहे. तुमची कंपनी हाय-प्रेशरवाली असेल तर अॅलिकॉनला तिची थेट स्पर्धक म्हणणं प्लांट हेडला खटकेल. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकीच्या डाय-कास्टिंगमध्ये मोठी आहे, तिच्याशी तुलना जास्त जवळची ठरेल. तीही फक्त तुमची कंपनी दुचाकीचे पार्ट बनवत असेल तरच.

लिस्टेड कंपनी निवडण्याचं खरं कारण स्पर्धा नाहीच. तिला बोलावं लागतं, हे कारण आहे. विश्लेषकांबरोबरच्या कॉलचा मजकूर तिला पाच कामाच्या दिवसांत प्रसिद्ध करावा लागतो आणि तो बीएसई-एनएसईच्या साइटवर मिळतो. तुमच्या कंपनीचा प्लांट हेड ज्या अडचणी अनोळखी माणसाला पहिल्या फोनवर सांगणार नाही, त्याच जातीच्या अडचणी तिथे मोठ्या कंपनीचा एमडी विश्लेषकांसमोर बोललेला असतो. ताजी पीडीएफ उघडा, सुरुवातीचं निवेदन ओलांडून प्रश्नोत्तरांवर या आणि त्यात `utilisation`, `aluminium`, `pass through`, `casting` हे शब्द शोधा. ज्या परिच्छेदात ते सापडतील तेवढेच वाचा. पंधरा मिनिटांत कळतं की या धंद्यात सध्या कशावर चर्चा चाललीय: ऑर्डरी आहेत पण क्षमता नाही, की क्षमता उभी केली आणि गिऱ्हाइकाचं मॉडेलच खपलं नाही.

मग गिऱ्हाईक बघा, कारण पुरवठादाराची मशिनं भरतात की रिकामी होतात ते तिथे ठरतं. गिऱ्हाइकांची नावं वेबसाइटवर किंवा रॅशनलमध्ये मिळतील. वाहन कंपन्यांची संघटना सियाम दर महिन्याला वाहनविक्रीचे आकडे देते आणि सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्डवर कंपनीवार नोंदणी दिसते. तुमच्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचे गेले सहा महिने आणि आदल्या वर्षीचे तेच सहा महिने शेजारी ठेवा. शेजारच्या दोन महिन्यांची तुलना करू नका, दिवाळी-दसऱ्याच्या दिवसांत ती हमखास फसवते. निर्यातीचे पार्ट असतील तर हे आकडे लागू पडत नाहीत, कारण वाहन डॅशबोर्डवर फक्त देशातली नोंदणी असते.

वेबसाइटवरचे पार्टचे फोटोही निरखून बघा, दोन मिनिटं लागतात. क्रँककेस, क्लच कव्हर, सिलिंडर हेड कव्हर हे इंजिनाचे भाग आहेत, इलेक्ट्रिक गाडीत ते लागत नाहीत. मोटर हाउसिंग, कंट्रोलरची केसिंग, हीट सिंक दिसले तर कंपनीने तिकडची वाट धरलीय. सगळेच फोटो इंजिनाचे असतील तर मालकाच्या डोक्यात नव्या पार्टची चिंता नक्की असणार. नवीन पार्टच्या सुरुवातीला रिजेक्शन जास्त असतं, डायची चाचणी चालू असते आणि मशिनचे तास त्यात खर्ची पडतात.

रिजेक्शनबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या, नाहीतर कॉलवर घसराल. कास्टिंगच्या टप्प्यावर बाद झालेला पार्ट पुन्हा भट्टीत जातो. धातू थोडी घट सोडून परत मिळतो, वाया जातो तो मशिनचा वेळ आणि वितळवण्याचं इंधन. पण आतली सच्छिद्रता, म्हणजे पोरॉसिटी, पुष्कळदा मशीनिंग केल्यावरच उघडी पडते. तोवर त्या पार्टवर व्हीएमसीचा वेळ आणि टूलिंगही खर्च झालेलं असतं. म्हणून 'तुमचं रिजेक्शन किती टक्के?' असा प्रश्न विचारण्यापेक्षा 'रिजेक्शन कास्टिंगला जास्त पकडलं जातं की मशीनिंगनंतर?' असं विचारा. एका प्रश्नात समोरच्याला कळतं की तुम्हाला शॉप माहीत आहे.

शेवटची दहा मिनिटं वाचणं बंद करा. एका कागदावर तीन ओळी लिहा: तुमचा अंदाज, तो कशावरून बांधला, आणि काय ऐकलं तर तो चुकीचा ठरेल. आपल्या उदाहरणात असं होईल. अंदाज: मोठ्या टनेजची मशिनं फुल आहेत, छोटी मोकळी आहेत. कशावरून: रॅशनलमध्ये एकूण वापर 70 टक्के दिसतोय, तरी आठ महिन्यांपूर्वी नवीन टर्म लोन घेतलंय आणि वेबसाइटवर नवी मशिनं सगळी 800 टनाच्या वरची आहेत. चुकीचा केव्हा: कर्ज जमिनीसाठी किंवा सोलरसाठी घेतलेलं निघालं तर.

हा अंदाज महत्त्वाचा आहे, कारण 70 टक्के ही सरासरी आहे आणि डाय-कास्टिंगमध्ये सरासरी फसवते. मोठी डाय छोट्या मशिनवर चढत नाही, त्यामुळे एका टोकाला रांग आणि दुसऱ्या टोकाला मोकळी मशिनं असं सर्रास असतं. तुमची सिस्टिम सगळ्या 20 मशिनांवर लावायची बोलणी केलीत तर किंमत अंगावर येईल. फुल असलेल्या चार-पाच मशिनांपुरतीच बोलणी केलीत तर हिशेब बसतो.

कॉलवर हे असं विचारा: "सर, तुमच्याकडे मोठ्या मशिनांवर लोड जास्त आणि छोटी थोडी मोकळी, असं काही आहे का?" तो "हो ना, आठशेच्या दोन मशिनांनीच सगळं अडवलंय" म्हणाला तर विचारा की त्या दोन मशिनांचा वेळ ब्रेकडाउनमध्ये जास्त जातो की डाय बदलण्यात. तो म्हणाला, "नाही हो, सध्या सगळंच मोकळं आहे," तर डाउनटाइमचा विषय तिथेच सोडा. मग विचारा की छोट्या-छोट्या लॉटमुळे डाय किती वेळा बदलावी लागते. डाय बदलायला तास जातात, आणि बदलल्यावर ती तापेपर्यंतचे पहिले शॉट पुन्हा भट्टीत टाकावे लागतात. मोकळ्या प्लांटमध्ये पैसा गळतो तो तिथे आणि विजेच्या बिलात. रॅशनल, चार्ज, मार्जिन यांतलं काहीही त्याला वाचून दाखवू नका. आपल्या कर्जाची माहिती अनोळखी सेल्समनच्या तोंडून ऐकायला कोणालाच आवडत नाही, आणि प्लांट हेडला ती बहुधा ठाऊकही नसते.

आणखी एक. कॉल पुढे ढकलायची वेळ आली तर गुरुवार सुचवू नका. या पट्ट्यातल्या पुष्कळ प्लांटना गुरुवारी वीकली ऑफ असतो, आणि जे प्लांट हेड त्या दिवशी येतात ते मेंटेनन्सच्या मोठ्या कामांत अडकलेले असतात.

आता रॅशनल मिळालंच नाही तर. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर MCA वर 100 रुपये भरून कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं बघता येतात. त्यातल्या AOC-4 मध्ये ताळेबंद आणि नफा-तोटा असतो. तो वाचताना कच्च्या मालाचा खर्च उलाढालीतून वजा करा म्हणजे कन्व्हर्जनचा अंदाज येईल, आणि स्थिर मालमत्तेच्या तक्त्यात त्या वर्षी प्लांट-मशिनरीत किती भर पडली ते बघा. क्षमता किती वापरली जाते ते मात्र तिथे मिळणार नाही. भागीदारी फर्म असेल तर हेही नाही. तेव्हा वेबसाइटवरची मशिनांची यादी, नोकरीच्या जाहिराती, मोठ्या गिऱ्हाइकाचे विक्रीचे आकडे आणि एका लिस्टेड कंपनीच्या कॉलचा मजकूर एवढ्यावरच अंदाज बांधा. मग तीनऐवजी एकच ओळ लिहा आणि पहिला प्रश्न टनेजनुसार लोडचा ठेवा.